ताळेबंदात १८ लाख, मग बँकेत दीडच कसे?



ताळेबंद हातात पडला की दरवर्षी एक प्रश्न येतोच: "राखीव व शिल्लक १८ लाख दिसतेय, मग वाटून का टाकत नाही?" प्रश्न रास्त आहे. समजायला सोपे जावे म्हणून गोल आकडे धरू.

समजा, सभासदांचे भागभांडवल १० लाख. कंपनी सुरू झाल्यापासून झालेला, पण न वाटलेला नफा १८ लाख. एकूण २८ लाख. ही झाली ताळेबंदाची एक बाजू. पैसा *कोणाचा*, एवढेच ती सांगते. पैसा *कुठे आहे*, ते दुसऱ्या बाजूला बघायचे:

▪️ क्लिनिंग-ग्रेडिंग मशीन: ९ लाख
▪️ गोदामातले सोयाबीन: ८ लाख
▪️ तेल मिलकडून येणे: ९.५ लाख
▪️ बँकेत: १.५ लाख

बेरीज तीच, २८ लाख. म्हणजे १८ लाख कुठे गेले नाहीत. त्यांचे मशीन झाले, माल झाला, उधारी झाली. आपल्या घरीही असेच होते. तीन वर्षांत दोन लाख सुटले, त्यातून ठिबक केले, म्हैस घेतली. नफा खरा, पण खिशात पाच हजारच.

आता १८ लाख वाटायचे ठरवले तर १६.५ लाख कर्ज काढावे लागेल, नाहीतर मशीन विकावे लागेल. मग येत्या हंगामात खरेदीला पैसा कुठून आणायचा?

उलटेही लक्षात ठेवा. खरेदीसाठी २० लाख कर्ज घेतले तर बँकेत २१.५ लाख दिसतील, पण नफा एक रुपयानेही वाढलेला नसेल. बँकेत पैसा दिसला म्हणून तो वाटायचा नसतो.

मात्र "पैसा मालात अडकलाय" एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका. मिलने ९.५ लाख बुडवले तर तो तोटा धरावा लागतो आणि १८ लाखांचे ८.५ लाख होतात, बँकेतला रुपया न हलता. गोदामातला माल खराब झाला किंवा भाव खरेदीच्याही खाली गेला तरी तेच होते.

म्हणून वार्षिक सभेत तीन गोष्टी विचारा:
१. येणे रक्कम किती महिन्यांची जुनी आहे? कोणाकडे आहे?
२. गोदामात प्रत्यक्ष किती क्विंटल माल आहे? कोणता भाव धरलाय?
३. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी बँकेत किती होते? मधला फरक कशामुळे पडला?

या तिन्हींची उत्तरे कागदासकट मिळाली, तर १८ लाखांतले किती खरोखर हाताशी येऊ शकतात ते तुमचे तुम्हालाच कळेल.