फाइल आहे, पण गॅलरीत नाही

वीजबिल भरल्याचा स्क्रीनशॉट ‘Bills’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवला आणि तो गॅलरीतून नाहीसा झाला. फाइल मॅनेजरमध्ये मात्र तो दिसतो, उघडतोही. अशा वेळी घाबरून काहीही पुसू नका, फोटो सुरक्षित आहे.

अँड्रॉइडमधली गॅलरी सहसा स्वतः फोल्डर धुंडाळत नाही. फोनमधली मीडियास्टोअर नावाची यंत्रणा फोटोंची नोंद ठेवते आणि गॅलरी ती नोंदवही वाचते. एखाद्या फोल्डरमध्ये `.nomedia` नावाची फाइल असली, की त्यातले आणि आतल्या उपफोल्डरांतले फोटो गॅलरीत येत नाहीत. ही फाइल बहुधा रिकामीच असते. आपली चिल्लर चित्रं गॅलरीत गर्दी करू नयेत, म्हणून अनेक अ‍ॅप्स ती मुद्दाम ठेवतात. फोल्डरच्या नावाआधी टिंब असलं, उदाहरणार्थ `.Bills`, तरी हेच घडतं.

फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि वरच्या फोल्डरांतही `.nomedia` आहे का पाहा. सापडली तरी ती लगेच उडवू नका, नाहीतर त्या अ‍ॅपची सगळी चित्रं गॅलरीत येतील. त्यापेक्षा स्क्रीनशॉट `Pictures` मध्ये नवं फोल्डर करून तिथे हलवा. तरीही दिसला नाही, तर नोंद मागे राहिली असेल. फोन एकदा बंद करून चालू करा.

दुसऱ्या गॅलरी अ‍ॅपमध्ये तो दिसत असेल, तर तुमच्या गॅलरीनेच तो अल्बम लपवलेला असू शकतो. तिथल्या सेटिंगमध्ये शोधा.