वीस मिनिटांची वामकुक्षी

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर दुपारच्या विश्रांतीसाठी वेगळी जागा नसे. जेवण झाले की दिवाणजी किर्दीवर उपरणे टाकत आणि मालक त्याच गादीवर लोडाला टेकून घटकाभर डोळे मिटत. पुण्यातील दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांवर आपण अनेक वर्षे विनोद करत आलो. आता गाद्या गेल्या आणि काचेची कार्यालये आली. दुपारची पेंग मात्र गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आज ती कार्यालयातील खुर्चीवर किंवा रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीत उरकली जाते. ती घ्यावी की नाही, हा या लेखाचा विषय नाही. ती किती मिनिटांची असावी आणि मोटारीत घेताना कशापासून सावध राहावे, एवढेच मांडायचे आहे. पहिली गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

१९९८ च्या मार्चअखेरीची गोष्ट. वार्षिक ताळेबंदाच्या कामामुळे आठवडाभर रात्री उशिरा घरी पोहोचत होतो आणि झोप जेमतेम पाच तास मिळत होती. आमच्या शाखेचा ग्राहक-व्यवहार दुपारी दोनला थांबे. त्या दिवशी डबा लवकर संपवून मी बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या माझ्या मोटारीत जाऊन बसलो. सव्वादोन वाजले असतील. दहा मिनिटे डोळे मिटू, असा विचार होता. शिपायाने काचेवर टकटक केली तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटे होती, म्हणजे मी चाळीस मिनिटे झोपलो होतो. डोके शिशासारखे जड झाले होते. क्षणभर आपण कोठे आहोत हेही उमगेना. तरीही उशीर झाला म्हणून तोंडावर पाणीसुद्धा न मारता टेबलाशी गेलो आणि समोरची व्हाउचरे खतावणीत उतरवू लागलो.

सायंकाळी नावे आणि जमा जुळेनात. फरक होता ७२,००० रुपयांचा. जुन्या माणसांना हा संकेत ठाऊक असतो : फरकाला नऊने नेमका भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाल्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. बहात्तरला नऊने भाग जातोच. वरिष्ठांनी दुपारनंतरची पाने उलटायला सांगितली आणि माझ्याच अक्षरात ती नोंद सापडली. १,०८,००० च्या जागी मी १,८०,००० लिहिले होते. वेळ होती तीनच्या सुमाराची. सकाळपासूनच्या शेकडो नोंदींत चूक नव्हती. झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मात्र ती झाली. ताळा जुळेपर्यंत सारी शाखा माझ्यासाठी थांबली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या वेळी मला वाटले, दुपारी झोपलो म्हणून चुकलो. खरे कारण वेगळे होते : मी जास्त वेळ झोपलो आणि उठल्याबरोबर कामाला बसलो.

झोप पायरीपायरीने खोल जाते. पहिली काही मिनिटे अगदी उथळ असतात. त्यानंतरच्या हलक्या झोपेत शरीर सैलावते, पण हाक मारली तर माणूस सहज जागा होतो. साधारण वीस ते तीस मिनिटांनंतर गाढ झोप सुरू होऊ लागते. या गाढ झोपेतून एखाद्याला ओढून काढले, तर मेंदूचे सर्व भाग एकदम जागे होत नाहीत. डोळे उघडतात, पाय चालू लागतात, पण निर्णय आणि आकडेमोड करणारा भाग मागे रेंगाळतो. ही जडता बहुधा पंधरा ते तीस मिनिटे टिकते, कधी त्याहूनही अधिक. रात्रीची झोप फार अपुरी असेल, तर माणूस गाढ झोपेत नेहमीपेक्षा लवकर शिरतो. माझे नेमके हेच झाले होते.

ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये याचीच पडताळणी प्रसिद्ध केली. रात्री सुमारे पाच तासच झोपू दिलेल्या तरुणांना दुपारी वेगवेगळ्या दिवशी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांची झोप देण्यात आली. दहा मिनिटांच्या झोपेनंतर तरतरी आणि कामातील अचूकता लगेच सुधारली आणि तो लाभ पुढे दोन-अडीच तास टिकला. वीस मिनिटांच्या झोपेचा लाभ थोडा वेळ गेल्यावर दिसू लागला. तीस मिनिटांच्या झोपेनंतर मात्र आधी काही काळ जडता आली आणि मग फायदा झाला. पाच मिनिटांनी फारसे काही साधले नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर दहा मिनिटांचा नफा रोख मिळतो आणि तीस मिनिटांचा उधारीवर.

आपल्याकडच्या परंपरेतही याच्याशी जुळणारा एक बारकावा आहे. आयुर्वेदाने उन्हाळा आणि काही विशेष अवस्था सोडल्यास दिवसा आडवे होऊन झोपणे निषिद्ध मानले आहे. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, बसल्या बसल्या काढलेली डुलकी हे दोष उत्पन्न करत नाही, असा वेगळा उल्लेख आहे. लोडाला टेकणारे आपले पूर्वज नकळत हाच मार्ग चालत होते. बसून टेकलेला माणूस सहसा गाढ झोपेपर्यंत जात नाही, हा त्याचा व्यावहारिक लाभ. वामकुक्षी या शब्दाचा अर्थ डाव्या कुशीवर पडणे असा आहे. भरल्या पोटी आडवे व्हायचेच असेल, तर डावी कूस बरी, कारण तशा स्थितीत जठरातील आम्ल घशाकडे येण्याचा संभव कमी असतो. खुर्चीत किंवा मोटारीत पाठ थोडी मागे कलती ठेवली, तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

पुढे नोकरीची उरलेली वर्षे मी जे वेळापत्रक पाळले, ते एक तासाच्या सुट्टीला बसवून सांगतो. दीड वाजता जेवण, तेही पोटाला तडस लागेल इतके नाही. एक पन्नासला खुर्चीत टेकून बसावे, मानेला आधार द्यावा, डोळ्यांवर रुमाल घ्यावा आणि फोनवर वीस मिनिटांचा गजर लावावा. पाच-सात मिनिटे झोप लागण्यात जातात, म्हणजे प्रत्यक्ष झोप बारा-पंधरा मिनिटांची होते. झोप लागली नाही, तरी डोळे मिटून पडून राहावे, चडफड करू नये. दोन दहाला गजर झाला की उठून तोंडावर पाणी मारावे आणि उजेडात चार पावले चालावे. मग सव्वादोन-अडीचपर्यंत फोन, टपाल, आवराआवर अशी कामे करावीत. रोकड मोजणे, धनादेशावर सही करणे, भाव ठरवणे आणि गाडी चालवणे ही कामे त्यानंतर. गजर बंद करून "अजून पाचच मिनिटे" म्हणणे हा या पद्धतीचा शत्रू आहे, कारण ती पाच मिनिटेच आपल्याला गाढ झोपेच्या उंबरठ्यावर नेतात. उठल्यावर डोके जड वाटले, तर दुसऱ्या दिवशी गजर पाच मिनिटे अलीकडे आणावा. तीन वाजल्यानंतर डुलकी टाळलेली बरी, अन्यथा रात्रीची झोप उशिरा येते.

आता मोटारीविषयी. बाजारपेठेत वसुलीला किंवा मालाच्या खरेदीला गेलेली आपली मुले हल्ली गाडीतच पाठ टेकतात. येथे दोन धोके आहेत.

पहिला धोका उष्णतेचा. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी वाढते. बाहेर ३५ अंश असेल, तर अर्ध्या तासात आत पन्नाशी ओलांडते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. म्हणून गाडी दाट सावलीत असावी आणि काचा पुरेशा उघड्या असाव्यात. चैत्र-वैशाखात हे जमत नसेल, तर गाडीचा नादच सोडावा आणि दुकानातल्या पंख्याखाली बसावे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे आणि तो पहिल्या धोक्यावरच्या उपायातून निर्माण होतो. उकडते म्हणून इंजिन चालू ठेवून वातानुकूलन लावले जाते आणि काचा बंद होतात. पेट्रोल, डिझेल वा सीएनजी, कोणत्याही इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. धुराच्या नळीत कोठे गळती असेल, किंवा गाडी तळघरातील वाहनतळात, बंद गाळ्यात वा भिंतीला लागून उभी असेल, तर तो आत शिरू शकतो. वातानुकूलन आतलीच हवा फिरवण्यावर ठेवले म्हणून तो थांबत नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो. जागा माणूस डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर यांवरून सावध होतो, झोपलेल्याला मात्र ती सूचना मिळत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नये, हा नियम विनाअपवाद पाळावा. डुलकीनंतर डोके दुखू लागले, विशेषतः गाडीतील दोघांचेही एकाच वेळी दुखू लागले, तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे.

चालकाच्या आसनाऐवजी शेजारच्या आसनावर झोपण्याची सवय मी मुलाला लावली आहे. उठल्यावर दार उघडून, गाडीला वळसा घालून चाकापर्यंत यावे लागते. तेवढ्यात हवा लागते आणि झोपेच्या गुंगीत किल्ली फिरवण्याचा मोह राहत नाही.

शेवटची गोष्ट घरातील मंडळींसाठी. डुलकी ही रात्रीच्या झोपेवरची तात्पुरती उचल आहे, तिने मुद्दल फिटत नाही. रात्री सात तास झोपूनही एखादा रोज दुपारी बसल्या जागी पेंगत असेल, रात्री मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची ही लक्षणे असू शकतात आणि उच्च रक्तदाबाशी त्याचा जवळचा संबंध आहे. अशा माणसाला गजराची नव्हे, वैद्यकीय तपासणीची गरज असते. हे घोरणे त्याला स्वतःला ऐकू येत नाही. ते घरच्यांनीच त्याला सांगायला हवे.