तीन महिन्यांची शास्ती

घरपट्टीच्या बिलावर दोन प्रकारची शास्ती असू शकते. एक अनधिकृत बांधकामाची, दुसरी उशिराची. आजारपण दाखवून माफी मागता येते ती फक्त दुसरीची. म्हणून आधी बिलाचे रकाने नीट वाचावेत.

उशिराची शास्ती महानगरपालिकांमध्ये थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के चढते. ती माफ करायचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’मधल्या कराधान नियमांनी आयुक्तांना दिलेला आहे. मुंबईचा कायदा वेगळा आणि नगरपरिषदांचाही वेगळा, त्यामुळे तिथे अर्जात हा नियम लिहून उपयोग नाही. रुग्णालयात होतो म्हणून माफी मिळायलाच हवी, असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात काहीच नसतं.

समजा, एका निवृत्त बाईंचं सहामाही बिल 9,000 रुपये आणि मुदत 31 ऑगस्ट. 22 ऑगस्टला पक्षाघात झाला, 14 ऑक्टोबरला घरी सोडलं, डॉक्टरांनी नोव्हेंबरअखेर सक्तीची विश्रांती सांगितली. बिल उशीखाली राहिलं ते फेब्रुवारीत सापडलं. तोवर सहा महिन्यांचे 180 प्रमाणे 1,080 रुपये चढले होते.

इथे बहुतेक जण सगळीच शास्ती माफ करा म्हणतात आणि फसतात. फाइल पाहणारा करनिरीक्षक तारखा जुळवतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरचे 540 रुपये कागदांवर उभे राहतात. डिसेंबरनंतरचं काय, याला बाईंकडे उत्तर नाही. मी त्यांच्या जागी असते तर 540 चीच माफी मागितली असती आणि मूळ कर व उरलेले 540 लगेच भरले असते. अर्ज दिला म्हणून शास्ती थांबत नाही, पुढच्या महिन्याला आणखी 180 चढतात. भरताना रक्कम मूळ करात जमा होतेय की आधी शास्तीत, हे विचारून पावतीवर बघून घ्यावं.

अर्ज आयुक्तांच्या नावे, पण द्यायचा प्रभाग कार्यालयाच्या कर विभागात. मजकूर चार ओळींचा पुरे: ‘मालमत्ता क्रमांक अमुक. 22 ऑगस्ट ते 14 ऑक्टोबर मी रुग्णालयात दाखल होते व 30 नोव्हेंबरपर्यंत अंथरुणावर होते. घरी मी एकटीच असते. या काळातील 540 रुपये शास्ती माफ व्हावी, ही विनंती.’ एकटी असल्याचं वाक्य गाळू नये, कारण ‘मुलाने ऑनलाइन का नाही भरलं?’ हा प्रश्न हमखास येतो. सोबत डिस्चार्ज कार्ड, विश्रांतीचा दाखला, बिल, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या वेळेत भरलेल्या पावत्या. या पावत्यांचं वजन कधीकधी डिस्चार्ज कार्डाहून जास्त पडतं. तपासण्यांचे रिपोर्ट जोडायची गरज नाही. कार्यालयाला तारखा हव्या असतात, रक्तातली साखर नव्हे.

स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये.