अपूर्णांकांच्या रांगेतून π

१६५६ साली ऑक्सफर्डमध्ये जॉन वॉलिसचा ‘अरिथ्मेटिका इन्फिनिटोरम’ हा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. त्यात एक समीकरण होतं. आजच्या पद्धतीने ते असं लिहितात:

π/२ = २/१ · २/३ · ४/३ · ४/५ · ६/५ · ६/७ · ८/७ · ८/९ · …

उजवीकडे नुसते पूर्णांक आहेत. वर सम संख्या, खाली विषम संख्या, आणि सुरुवातीचा १ सोडला तर प्रत्येक संख्या दोनदा. वर्गमूळ नाही, कोन नाही, वर्तुळाचा मागमूस नाही. त्याआधी १५९३ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएतने π साठी अनंत गुणाकार दिला होता. पण त्यात वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ अशी रचना होती, आणि ती वर्तुळात काढलेल्या बहुभुजाच्या बाजूंची संख्या दुप्पट करत जाण्यातून आली होती. तिथे π कुठून आला हे उघड दिसतं. वॉलिसच्या गुणाकारात तो कुठून शिरला, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे. त्याचं सर्वांत स्वच्छ उत्तर sin x च्या घातांच्या समाकलात मिळतं, असं माझं मत आहे. स्वतः वॉलिस त्या वाटेने गेला नव्हता, तरीही.

x ० पासून π/२ पर्यंत जातो तेव्हा sin x चा आलेख ० पासून १ पर्यंत चढतो. या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्याचा समाकल. आता sin x ऐवजी sin²x, sin³x असे घात घ्या आणि sinⁿx च्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाला I(n) म्हणा. पहिल्या दोन किमती लगेच कळतात. n = ० असताना फलन सगळीकडे १ आहे, म्हणून क्षेत्रफळ म्हणजे अंतराची लांबीच: I(०) = π/२. n = १ असताना I(१) = १. यातल्या पहिल्या किमतीकडे लक्ष ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गणितात π फक्त याच एका दाराने आत येतो.

पुढच्या घातांसाठी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो रिडक्शन फॉर्म्युला लागतो. sinⁿx चे दोन तुकडे करायचे, sinⁿ⁻¹x आणि sin x, आणि खंडशः समाकलन करायचं. दुसऱ्या तुकड्याचा समाकल −cos x. त्यामुळे आधी −sinⁿ⁻¹x · cos x हे सीमापद मिळतं आणि त्याला दोन टोकांच्या किमती द्यायच्या असतात. x = ० ला sin शून्य, x = π/२ ला cos शून्य, म्हणून ते पद पूर्ण नाहीसं होतं. उरतो तो (n−१) गुणिले sinⁿ⁻²x · cos²x चा समाकल. cos²x च्या जागी १ − sin²x लिहिलं की त्याचे दोन भाग पडतात:

I(n) = (n−१) · [ I(n−२) − I(n) ]

I(n) दोन्ही बाजूंना आला आहे. तो एका बाजूला गोळा केला की

I(n) = (n−१)/n · I(n−२)

हे सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून एक गोष्ट नेहमी निसटते. सीमापद शून्य झालं ते ० आणि π/२ या टोकांमुळे. ० ते π/३ असं अंतर दिलं तर cos शून्य होत नाही, ते पद जिवंत राहतं आणि हे सूत्र चुकीचं उत्तर देतं. n = १ ला तर ते चालतच नाही, कारण sin⁰x म्हणजे १, आणि खालच्या टोकाला सीमापद उरतं. सूत्र n = २ पासून पुढे खरं आहे.

आता या सूत्राची चाल पाहा. ते दोन-दोन घातांनी खाली उतरतं. एका आड एक पायरी सोडत जिना उतरणारा माणूस कुठून निघाला त्यावर तो शेवटी कुठे पोचणार हे जसं ठरतं, तसंच इथे. सम घातापासून निघालं तर शेवट I(०) वर, म्हणजे π/२ वर होतो. विषम घातापासून निघालं तर I(१) वर, म्हणजे १ वर. उदाहरणार्थ:

I(६) = ५/६ · ३/४ · १/२ · π/२ = ५π/३२
I(७) = ६/७ · ४/५ · २/३ = १६/३५

सहाव्या घाताच्या क्षेत्रफळात π आहे, सातव्याच्या क्षेत्रफळात तो नाही. आणि तरीही sin⁶x आणि sin⁷x यांचे आलेख एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. एक किंमत π मध्ये, शेजारची निव्वळ अपूर्णांकात, आणि दोन्ही जवळपास सारख्या. मग π अपूर्णांकांच्या जवळपास सापडणारच.

‘जवळपास’ला नेमकं रूप द्यायला एक साधं निरीक्षण पुरतं. या अंतरात sin x ० आणि १ यांच्या मधे असतो. त्याने आणखी एकदा गुणलं की संख्या लहान होते, म्हणून घात वाढला की क्षेत्रफळ घटतं. I(६) हा I(७) पेक्षा मोठा आणि I(५) पेक्षा लहान. I(५) = ४/५ · २/३ = ८/१५. म्हणून

१६/३५ < ५π/३२ < ८/१५

यातून π मोकळा केला तर तो ५१२/१७५ आणि २५६/७५ यांच्या मधे, म्हणजे २.९२५७ आणि ३.४१३३ यांच्या मधे येतो. डावीकडच्या ५१२/१७५ ची निम्मी संख्या २५६/१७५ आहे, आणि ती उलगडली तर वॉलिसच्या गुणाकाराचे पहिले सहा अपूर्णांक मिळतात: २/१ · २/३ · ४/३ · ४/५ · ६/५ · ६/७. ६ च्या जागी २n घेतलं तरी हेच घडतं. पहिल्या n जोड्यांच्या गुणाकाराला P(n) म्हटलं, तर π/२ हा P(n) पेक्षा मोठा आणि P(n) · (१ + १/२n) पेक्षा लहान असतो. दुसऱ्या बाजूचा १ + १/२n हा गुणक I(२n−१) आणि I(२n+१) यांच्या गुणोत्तरातून येतो, आणि ते गुणोत्तर रिडक्शन फॉर्म्युलानेच दिलेलं आहे. n वाढला की तो गुणक १ कडे जातो, दोन्ही बाजू मिळतात, आणि समीकरण सिद्ध होतं.

हा गुणाकार π मोजायला मात्र फार मंद आहे. दहा जोड्या गुणल्या तर π च्या जागी ३.०६७७ मिळतात, शंभर जोड्यांनी ३.१३३८, हजार जोड्यांनी ३.१४०८. जोड्या दहापट केल्या की चूक दहापटीने कमी होते, त्याहून जास्त नाही. पण सिद्धतेतच एक उपाय पडलेला आहे आणि पुस्तकं तो क्वचितच उचलतात. खालची आणि वरची मर्यादा दोन्ही हाताशी आहेत, तर त्यांचा मध्य घ्या, म्हणजे P(n) ला १ + १/४n ने गुणा. दहा जोड्यांवर ३.१४४४ येतात. शंभर जोड्यांवर ३.१४१६२, म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. आता जोड्या दहापट केल्या की चूक शंभरपटीने घटते.

एक खबरदारी क्रमाचीही घ्यायला हवी. २/१, ४/३, ६/५ हे अपूर्णांक १ पेक्षा मोठे आहेत. २/३, ४/५, ६/७ हे लहान. नुसत्या मोठ्यांचा गुणाकार अमर्याद वाढतो, नुसत्या लहानांचा शून्याकडे जातो. म्हणून त्यांना लिहिल्या क्रमाने, जोडीजोडीनेच घ्यायला हवं. दर वेळी दोन मोठे आणि एक लहान अशी रांग लावली, तर एकही अपूर्णांक न गाळता गुणाकार π/२ ऐवजी √२ · π/२, म्हणजे सुमारे २.२२, इथे जाऊन थांबतो. तेच अपूर्णांक, वेगळं उत्तर. जोडीचं रूप ४k²/(४k²−१) असं लिहिलं की हा धोका राहत नाही, कारण त्या जोड्या कोणत्याही क्रमाने गुणल्या तरी फरक पडत नाही.

वॉलिसकडे यातलं खंडशः समाकलन नव्हतं. न्यूटन आणि लायब्निट्स यांचं कलनशास्त्र अजून यायचं होतं. वॉलिसला वर्तुळाचं क्षेत्रफळ हवं होतं, म्हणजे १ − x² च्या अर्ध्या घाताखालचं क्षेत्रफळ. पूर्ण घातांची क्षेत्रफळं त्याला काढता येत होती: घात ०, १, २, ३ साठी १, २/३, ८/१५, १६/३५. (x = cos θ घेतलं की या sin च्या विषम घातांच्याच किमती आहेत.) त्याने त्यांचे व्यस्तांक तक्त्यात मांडले, मधल्या अर्ध्या घातांची घरं रिकामी ठेवली, आणि पहिल्या रिकाम्या घरात चौकोनाची एक खूण मांडली. तिची किंमत म्हणजे ४/π. पूर्ण घातांच्या घरांमध्ये जो गुणकांचा नियम दिसत होता, तोच रिकाम्या घरांनाही लागू पडतो असं धरून त्याने पुढची घरं भरली, आणि शेजारच्या संख्यांची गुणोत्तरं घटत जातात या आधारावर चौकोनाला दोन बाजूंनी चेपत नेलं. नियम अर्ध्या घातांना लागू का पडावा, याची सिद्धता त्याने दिली नाही. फर्माने या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. इंग्लंडच्या यादवी युद्धात वॉलिसने पार्लमेंटच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रं उलगडली होती. काही अक्षरं ठाऊक असताना बाकीची घरं नियमावरून भरायची, ही सवय त्याला तिथे होती, आणि या तक्त्यात मला तोच हात दिसतो. रिडक्शन फॉर्म्युला त्याची ती उणीव भरून काढतो: तो सम आणि विषम दोन्ही घातांना एकाच सिद्धतेने लागू पडतो, म्हणून रिकाम्या घरांत जे भरलं ते बरोबरच होतं.

१६६४-६५ च्या हिवाळ्यात तरुण न्यूटनने हा ग्रंथ वाचला. वॉलिसने क्षेत्रफळ ० ते १ असं ठरलेल्या टोकांमध्ये घेतलं होतं. न्यूटनने १ च्या जागी x ठेवला, तशीच रिकामी घरं भरली, आणि त्यातून त्याला अपूर्णांक घातांची द्विपद श्रेढी मिळाली.

आणखी एक गोष्ट रिडक्शन फॉर्म्युलातून एका ओळीत निघते. सूत्राच्या दोन्ही बाजूंना n · I(n−१) ने गुणा: n · I(n) · I(n−१) आणि (n−१) · I(n−१) · I(n−२) या किमती सारख्याच निघतात. म्हणजे हा गुणाकार n बदलला तरी बदलत नाही, आणि n = १ ला तो π/२ आहे. शेजारचे दोन समाकल जवळपास सारखे, म्हणून मोठ्या n साठी I(n) ची किंमत सुमारे √(π/२n).

हे नाणेफेकीला लावून पाहा. २n वेळा नाणं उडवलं तर नेमके n छापे पडण्याची शक्यता १/२ · ३/४ · ५/६ अशी (२n−१)/२n पर्यंतच्या गुणाकाराएवढी असते. हा तर I(२n) मधला π/२ सोडून उरलेला भाग. म्हणून ती शक्यता सुमारे १/√(πn). शंभर वेळा नाणं उडवून बरोबर पन्नास छापे येण्याची शक्यता या सूत्राने ०.०७९८ येते, प्रत्यक्ष हिशेब ०.०७९६ आहे. लंडनमध्ये द मुआव्र याच किमतीच्या मागे होता. सूत्राचं रूप त्याला सापडलं होतं, पण त्यातला स्थिरांक तो श्रेढीची पदं बेरजेत घेऊन दशांशातच काढत होता. त्या स्थिरांकात π आहे हे जेम्स स्टर्लिंगने दाखवलं, आणि द मुआव्रने त्याचं श्रेय मोकळेपणाने त्याला दिलं. आज n! च्या अंदाजाच्या स्टर्लिंग सूत्रात जो √(२π) लिहितात, तो हाच.