घरातल्या एकाला टीबी, मग बाकीच्यांचं काय?

समजा, चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं राहतात. वडिलांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले आणि त्यांची औषधं सुरू झाली. चार दिवसांनी आशाताई बाकीच्या चौघांची चौकशी करायला येतात, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या शरीरात तेच जंतू शिरून गप्प बसलेले असू शकतात. हा सुप्त टीबी. त्यात खोकला नसतो, ताप नसतो, दुसऱ्याला लागणही होत नाही. अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी टीबी होतो, पण त्यातल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांतच गाठतो. म्हणूनच शोध रुग्णाच्या घरापासून सुरू होतो. एचआयव्हीबाधित, डायलिसिसवर असलेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांचीही तपासणी अशीच करतात.

पहिला प्रश्न चौघांनाही एकच : खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनात घट यांपैकी काही आहे का? आजी म्हणाल्या, ‘वयाचा खोकला आहे.’ त्यांच्या एक्स-रेत डाग दिसला, थुंकीही पॉझिटिव्ह आली. त्यांना पूर्ण उपचारच हवेत. इथे घाई केली असती तर घात झाला असता, कारण खऱ्या टीबीला प्रतिबंधाचं एकच औषध दिलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

तीन वर्षांच्या मुलीला काही लक्षण नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. तिला वजनानुसार रोज आयसोनियाझिड, सहा महिने.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हातावर ट्युबरक्युलिनची सुई टोचली. दोन-तीन दिवसांनी तिथे मोठा लाल चट्टा दिसला आणि घरचे घाबरले. पण मोजायची असते ती बोटाला लागणारी घट्ट गाठ, लाली नव्हे. गाठ चार मिलिमीटरच होती. साधारणपणे दहा किंवा जास्त असली तर ती पॉझिटिव्ह धरतात. मात्र लागण नुकतीच झाली असेल तर चाचणी फसते, म्हणून आठ आठवड्यांनी ती पुन्हा करायची ठरली.

आईची इग्रा ही रक्ततपासणी केली. बीसीजी लशीमुळे सुईची चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, इग्रा तशी येत नाही. तरी जंतू सुप्त आहेत की जागे, हे दोन्ही चाचण्या सांगू शकत नाहीत. ते लक्षणांवरून आणि एक्स-रेवरूनच ठरतं. आईची इग्रा पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. वडिलांचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे होते, म्हणून तिला आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस मिळाले. जंतू दाद न देणारे असते, तर हा मार्ग बंद होता.

रिफापेंटिनने लघवी केशरी होते, त्याची काळजी नको. गर्भनिरोधक गोळ्या मात्र त्याच्यामुळे निकामी ठरू शकतात, हे बायकांना आधी सांगायलाच हवं. भूक मेली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.