पैसे नॉमिनीच्या हाती, हक्क वारसांचा

समजा, ठाण्यातल्या एका गृहस्थांचं निधन झालं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि वृद्ध आई. बँकेत 12 लाखांची मुदत ठेव, स्वतःच्या कमाईतली. ही ठेव त्यांनी लग्नाआधी ठेवली होती, तेव्हा फॉर्मवर धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं. पुढे ठेव दर वेळी आपोआप नूतनीकृत होत गेली आणि ते नाव तसंच राहिलं. आता बँक म्हणते, पैसे भावाला मिळतील. वहिनी म्हणते, हे कसं काय?

बँकेचं म्हणणं खरं आहे आणि वहिनीचा आक्षेपही खरा आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच बहुतेक घरांत कुणी सांगितलेलं नसतं.

बँकिंग नियमन कायद्यानुसार खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक नॉमिनीला पैसे देते आणि तिची जबाबदारी तिथे संपते. खरा वारस कोण, हे ठरवत बसायची वेळ बँकेवर येऊ नये, यासाठी ही सोय आहे. पण त्याच कलमात पुढे असंही म्हटलं आहे की, नॉमिनीच्या हाती गेलेल्या रकमेवर इतर कुणाचा हक्क असेल, तर तो त्याच्याकडून मागण्याचा अधिकार शाबूत राहतो. म्हणजे भाऊ पैसे स्वीकारतो, पण वारसांच्या वतीने. मालक तो होत नाही.

मग मालक कोण? हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. या उदाहरणात चौघांना समान वाटा, प्रत्येकी 3 लाख. आईचं नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. सुनेला आणि नातवंडांना मिळतं, आईला कशाला, असं घरातलेच म्हणतात, आणि पुष्कळदा ती माऊली स्वतःही तसंच मानून गप्प राहते. कायदा तिला मुलाच्या मुलांच्या बरोबरीने धरतो. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत आणि भाऊ तर त्याहून मागे. पहिल्या वर्गातलं एकही माणूस हयात असेल, तर भावाच्या वाट्याला काही येत नाही.

इथे वेळेचा एक मुद्दा आहे, आणि तो कळेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. वारस बँकेला पत्र लिहितात, ‘आमचा आक्षेप आहे, पैसे देऊ नका.’ नोंदणीकृत नॉमिनी असताना अशा साध्या पत्राची दखल घेणं बँकेवर बंधनकारक नाही. न्यायालयाचा आदेश मात्र बँकेला मानावा लागतो. एकदा पैसे नॉमिनीच्या खात्यात गेले की भांडण बँकेशी उरत नाही, दिराशी किंवा काकांशी सुरू होतं, आणि तोवर ती रक्कम शिल्लक असेलच असं नाही.

शेअर्सच्या बाबतीत हाच प्रश्न महाराष्ट्रात काही वर्षं फार अवघड होऊन बसला होता. एका गृहस्थांनी आपल्या डिमॅट खात्यातल्या शेअर्ससाठी पुतण्याला नॉमिनी केलं होतं. ते वारल्यावर पत्नीने शेअर्सवर हक्क सांगितला. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी कंपनी कायद्यातल्या शब्दयोजनेवर बोट ठेवून शेअर्स नॉमिनीचे होतात असा निकाल दिला. पत्नीला काहीच नाही. हर्षा कोकाटे विरुद्ध सारस्वत बँक या नावाने हा निकाल ओळखला जातो आणि पुढची काही वर्षं त्याच्या आधारे अनेक विधवांना नकार ऐकावा लागला असणार, असं मला वाटतं.

‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबातला वाद न्यायालयात गेला, तेव्हा हा मुद्दा पुन्हा उघडला गेला. 2016 मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कोकाटे निकालातली भूमिका नाकारली आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयाचा विचार साधा होता: कंपनी कायदा कंपन्या चालवण्यासाठी आहे, वारसा ठरवण्यासाठी नाही. मृत्युपत्र आणि वारसा कायदा या दोन वाटांखेरीज नामनिर्देशनाने तिसरी वाट काढण्याचा कायदेमंडळाचा हेतू नव्हता. शेअर्स आणि म्युच्युअल फंड, दोन्हींना हे लागू आहे.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये आलेल्या तरतुदीनुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतलं जातं, कायदेशीर वारसांची नावं लागेपर्यंत. देखभालीची बिलं कुणाच्या नावे काढायची, पत्रव्यवहार कुणाशी करायचा, हे त्यामुळे सुटतं. पण तेवढ्यावर त्याला फ्लॅट स्वतःचा म्हणून विकता येत नाही. अशी घरं खरेदी करणाऱ्याने म्हणूनच नॉमिनीच्या सहीवर न थांबता सगळ्या वारसांचे कागद मागितलेले बरे.

आयुर्विम्याचं चित्र थोडं वेगळं आहे. 1983 च्या सर्बती देवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या नॉमिनीलाही केवळ रक्कम स्वीकारणारा मानलं होतं. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल, तर विम्याच्या रकमेवर त्याला लाभाचा हक्क मिळतो, असं कायदा म्हणतो. भाऊ किंवा पुतण्या या यादीत नाही. इतर वारसांचा दावा अशा नॉमिनीपुढे टिकतो का, याबाबत उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

वरचं उदाहरण मी मुद्दाम सोपं ठेवलं. त्यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलतं. मृत व्यक्ती विवाहित स्त्री असती आणि रक्कम तिच्या कमाईची असती, तर ती आधी तिच्या पतीकडे आणि मुलांकडे जाते. तिच्या आईला त्यात वाटा नाही. कुटुंब मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल, तर वारसाचे नियमच वेगळे. मालमत्ता वडिलोपार्जित असेल, तर आधी मृताचा वाटा किती हे ठरवावं लागतं. आणि मृत्युपत्र असेल, तर त्याच्या मर्जीतल्या मालमत्तेपुरता वारसा कायदा मागे पडतो. म्हणून शेजाऱ्यांच्या घरी जसं झालं तसंच आपल्याकडे होईल, असं धरून चालणं धोक्याचं. आपल्या घरातल्या प्रश्नाचं उत्तर आपले कागद पाहिलेला वकीलच देऊ शकतो, लेख नाही.

भावालाच पैसे मिळावेत अशी त्या गृहस्थांची खरोखर इच्छा असती, तर मार्ग होता. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मात्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ती आपलीच असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. बँकेच्या फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहून हे काम होत नाही. तिथलं नाव मृत्युपत्रातल्या नावाशी जुळत असेल, तर पैसे थेट योग्य हाती पडतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आणि ठेवींच्या पावत्यांवर आज कुणाचं नाव आहे, हे बँकेत विचारलं की कळतं, आणि ते बदलायला नव्या फॉर्मवर खातेदाराची सही पुरते.