मामांचा हात आणि भिंतीवरचं कार्ड

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कॅफेत गेल्या महिन्यात प्रीमिक्सचं मशीन बसलं आणि चहा करणारे मामा गावी निघून गेले. बटण दाबलं की सकाळ-संध्याकाळ एकाच चवीचा चहा. मालक खूश आहेत. माझ्या मनाला मात्र ते लागलं, कारण हीच एकसारखी चव आम्ही एकदा कार्डावर मांडली होती, तीही खऱ्या दुधात.

आधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टपरी होती, एकच शेगडी होती, मामा एकटे होते. चव त्यांच्या हातात होती, त्यामुळे लिहून ठेवायची गरजच पडली नाही. पंचाईत झाली ती २०१४ नंतर. टपरीचा कॅफे होऊन तो दोन पाळ्यांत चालू लागला, मग कुवारबावला एक आणि मारुती मंदिराजवळ एक अशा शाखा निघाल्या. गिऱ्हाईक म्हणू लागलं, ‘मिरजोळ्याचा चहा तिकडे मिळत नाही.’

मालकांनी शहरातला एक सल्लागार आणला. त्याने जाडजूड इंग्रजी फाइल दिली. हात कसे धुवायचे, टोपी कशी घालायची, सगळं तिच्यात होतं. स्वच्छतेचं हे सगळं अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांत आहेच. पण किती कपाला किती पावडर, हे ना कायदा सांगतो, ना ती फाइल सांगत होती. बिल मात्र चोख आलं.

शेवटी मी वजनकाटा घेऊन मामांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ‘अंदाजानं टाकायची’ यापलीकडे उत्तर नाही. म्हणून ते मूठ उचलत, मी ती काट्यावर ठेवायला लावी. दहा कपांचा हिशेब असा निघाला: पाणी ६०० मिली, दूध ६०० मिली, पावडर २५ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, आलं १२ ग्रॅम. उकळून साधारण ११०० मिली उरतं, चोथा शंभरेक मिली धरून ठेवतो, आणि शंभर मिलीचे दहा कप भरतात. चमच्याने मोजणं बंद केलं. पावडरीचा दाणा बारीक-जाड असला की तोच चमचा कमी-जास्त भरतो, आणि शीग लावणारा हात वेगळा पडतो.

कार्डावर वेळ लिहिताना खरी अडचण आली. ‘सहा मिनिटं उकळा’ असं लिहिलं, तर मिरजोळ्याच्या मोठ्या शेगडीवर चहा आटे आणि कुवारबावच्या छोटीवर कच्चा राही. मग मिनिटं खोडली आणि तिन्ही ठिकाणी एकाच मापाची पातेली घेतली. आतून ११०० मिलीवर खूण पाडली. चहा खुणेपाशी आला की शेगडी बंद.

दुसरी गोष्ट आल्याची. संध्याकाळच्या पाळीत दूध अधूनमधून नासायचं आणि खापर दूधवाल्यावर फुटायचं. खरं कारण असं की, त्या पाळीतला मुलगा घाईत दूध-पाणी एकत्र चढवून कोमटातच आलं ठेचून टाकायचा. कच्च्या आल्यात दूध फाडणारं विकर असतं. ते उकळीत मरतं. मामा आलं नेहमी उकळत्या पाण्यात टाकत, दोन मिनिटांनी पावडर आणि मग दूध. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण चुकायचे नाहीत. कार्डावर पायरीशेजारी कारणही लिहिलं. कारण कळलं नाही तर घाईच्या वेळी नेमकी तीच पायरी गाळली जाते.

मग कार्डाची परीक्षा. ज्याने कधी चहा केला नाही अशा पोराच्या हातात कार्ड द्यायचं आणि गप्प बसायचं. तो जिथे थांबून विचारतो, तिथे वाक्य अपुरं आहे असं समजायचं. पहिल्याच पोराने विचारलं, ‘दूध गार घालू की तापवलेलं?’ मी ते लिहिलंच नव्हतं. ‘तापवलेलं’ हा शब्द तिथून आला. महिन्यातून एकदा दोन पाळ्यांचे कप बुडाखाली खूण करून शेजारी ठेवायचे, आणि दुसऱ्या शाखेच्या माणसांनी चाखायचे. ओळखता आले तर काटा, पावडर, पातेलं या क्रमाने तपासायचं. किटलीतला चहा अर्ध्या तासाने ओतून द्यायचा, हा नियम मालकांना सर्वांत जड गेला.

ते कार्ड मराठीत होतं, एका पानाचं, खाली तारीख टाकलेलं. बदल झाला की जुनं फाडायचं, कारण दोन कार्डं भिंतीवर राहिली की ज्याला जे सोयीचं तो ते वाचतो. चार-पाच वर्षं तिन्ही शाखांत तोच चहा मिळाला. मग माणसं टिकेनात, नव्यांना शिकवायला कुणाला सवड नव्हती, आणि मशीनवाला दारात उभा राहिला.

मशीनची चव एकसारखी आहे, नाही म्हणत नाही. दुधाच्या भुकटीची, साखर आधीच ठरलेली, आलं वासापुरतं. पण पावडरीचा डबा किती दिवस उघडा चालतो आणि रात्री नळी गरम पाण्याने कुणी धुवायची, याचं कार्ड कुणी केलेलं नाही. विचारलं की सकाळचे रात्रीवाल्यांकडे बोट दाखवतात, रात्रीचे सकाळवाल्यांकडे.